बॉक्सवरचं ३+ म्हणजे नेमकं काय? वाढदिवसाचं खेळणं घेताना वय, आयएसआय आणि किंमत कशी बघायची

नांदेडात आमचं खेळण्यांचं दुकान आहे. संध्याकाळी सहानंतर जे गिऱ्हाईक येतं त्यातलं बरंचसं वाढदिवसाचं असतं, केक घेऊन झालेला असतो, घरी पाहुणे जमलेले असतात आणि आमच्याकडं येऊन म्हणतात, "भाऊ, पाचशेपर्यंत काहीतरी चांगलं द्या." लेकरू केवढं आहे विचारलं की मग फोन लावून विचारायलेत. म्हणून यंदा वयानुसार गिफ्टचं एक कार्ड करून काउंटरवर लावलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाकलं, आणि फोटोखाली हे लिहिलं:

"आधी वय, मग आयएसआय, मग बजेट.
१ वर्षाच्या आत: खुळखुळा, कापडी पुस्तक, मऊ बॉल. ₹१०० ते ₹३००.
१ ते ३: रिंगा, मोठे ब्लॉक, ढकलायची गाडी. ₹२०० ते ₹६००.
३ ते ५: भातुकली, डॉक्टर सेट, मोठ्या तुकड्यांचं पझल. ₹२५० ते ₹८००.
६ ते ८: बोर्ड गेम, छोटे ब्लॉक, कलर-क्राफ्टचे सेट. ₹३०० ते ₹१,०००.
९ च्या पुढं: सायन्स किट, कॅरम, रिमोटची गाडी. ₹५०० ते ₹२,०००.
३ वर्षांच्या आतल्या लेकरासाठी ३+ लिहिलेलं खेळणं आम्ही देत नाही."

वरच्या ओळींवर कुणाचं काही म्हणणं नाही. सगळे प्रश्न यायलेत ते शेवटच्या ओळीवर. "आमचा दोनच वर्षांचा आहे पण लै हुशार आहे, मोबाइल सुद्धा चालवतो, त्याला हे तीनचं जमतंय की," असं रोज कोणी ना कोणी म्हणतंच. त्यात त्यांची काही चूक नाही, कारण ३+ चा अर्थ कुणी कधी समजावूनच सांगितलेला नसतो. तेवढंच इथं नीट सांगायलोय.

३+ हे हुशारीचं माप नाही

बाकीच्या वयाचे आकडे, म्हणजे ६+, ८+ वगैरे, हे बरेचदा खेळ समजेल का, नियम पाळता येतील का, हाताला ते जमेल का यावरून टाकलेले असतात. तिथं लेकरू चुणचुणीत असलं तर सात वर्षांच्याला ८+ चा बोर्ड गेम खुशाल घ्या, काही बिघडत नाही (सायन्स किटला मात्र हे लावू नका, त्यात रसायनं नाहीतर तापणारे भाग असू शकतात). पण ३ चा आकडा वेगळा आहे. तो शक्यतो एकाच कारणासाठी असतो, की या खेळण्यात असा तुकडा आहे किंवा निघू शकतो जो तीन वर्षांच्या आतल्या लेकराच्या गळ्यात अडकेल. विजेच्या डीपीवर 'धोका' लिहिलेलं असतं ते समोरचा माणूस किती शिकलाय हे बघून लिहिलेलं नसतं, तसंच हे.

तीन वर्षांच्या आतलं लेकरू हातात येईल ते तोंडात घालतं, ती त्याची वस्तू ओळखायची पद्धतच असते. मागच्या दाढा पूर्ण आलेल्या नसतात, तोंडात घेतलेली वस्तू सांभाळायचं किंवा गिळायचं नीट जमत नाही आणि श्वासनळी अगदी बारीक असते, साधारण त्याच्याच करंगळीएवढी. खोकून वस्तू बाहेर फेकायला जोर लागतो तो पण कमी असतो. मोबाइल चालवता येण्याचा आणि याचा काहीच संबंध नाही.

बॉक्सवर एक गोल चिन्ह बघा, लाल वर्तुळ, आत लेकराचं तोंड, ०-३ लिहिलेलं आणि त्यावर तिरपी लाल रेघ. ज्याला वाचता येत नाही त्याला पण कळावं म्हणून ते चित्र आहे. त्या चित्राचा अर्थ एवढाच, की तीनच्या आतल्या लेकराच्या हातात हे देऊ नका.

गळ्याचं माप म्हणून केलेली नळी

आता हे ठरवतात कसं, तर लॅबमध्ये धातूची नाहीतर प्लास्टिकची एक छोटी नळी असते. तिचं तोंड ३१.७ मिलिमीटर रुंद आणि तळ तिरपा, म्हणजे एका बाजूनं खोली २५.४ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूनं ५७.१. लहान लेकराचा गळा ध्यानात ठेवून हे माप धरलेलं आहे. खेळण्याचा सुटा भाग न दाबता त्या नळीत टाकायचा, कसाही तिरका आडवा करून तो पूर्ण आत बसला की तो 'लहान भाग' झाला, आणि तीनच्या आतल्या लेकराच्या खेळण्यात असा एकही भाग चालत नाही.

एवढ्यावर भागत नाही. खेळणं नवं असताना सगळे भाग जागेवरच असतात, म्हणून ते आधी उंचावरून आपटतात, पिळतात, ओढतात, दाबतात, म्हणजे घरात लेकरू जे करणार तेच करतात, आणि त्यात जे काही तुटून पडेल ते पण त्या नळीत टाकून बघतात. गाडीचं चाक, टेडीचा प्लास्टिकचा डोळा, बाहुलीच्या फ्रॉकचं बटन, हे सगळं इथंच पकडलं जातं.

गोल वस्तूंना नियम अजून कडक आहे, कारण गोल वस्तू गळ्यात बसली की चारी बाजूनं हवा बंद होते. त्यासाठी ४४.५ मिलिमीटरचं भोक धरतात, त्यातून आरपार गेला तो बॉल तीनच्या आतल्याला नको. अंदाज यावा म्हणून सांगतो, टेबल टेनिसचा बॉल ४० मिलिमीटरचा असतो, म्हणजे तो सुद्धा यात नापास होतो. आपल्याला तो काही छोटा वाटत नाही, म्हणून तर लोक सहज देऊन टाकतात.

घरी ती नळी नसते पण दहा रुपयांचं नाणं असतं. ते २७ मिलिमीटरचं असतं, नळीच्या तोंडापेक्षा थोडं लहान. खेळण्याचा सुटलेला भाग त्या नाण्याएवढा किंवा त्याच्याहून छोटा असला तर बहुतेक धरून चाला की तो नळीत बसणारच. नाण्याहून जरा मोठा असला तरी लगेच पास समजू नका, कारण नळी नाण्याहून रुंद आहे आणि लांबट तुकडा उभा आत जातो. म्हणून नाण्यानं फक्त वाईट ते ओळखता येतं, चांगलं ठरवता येत नाही.

मग टेडीवर पण ३+ का लिहितात?

हा प्रश्न एका ताईनं विचारला आणि फार बरोबर विचारला. खुळखुळा, दात येताना चावायचं खेळणं, छातीशी धरून झोपायचा मऊ टेडी ही खेळणी सगळ्यांना माहितीय बारक्या लेकरांचीच असतात. त्यामुळं त्यांना तीनच्या आतलीच कडक चाचणी लागते. काही जण काय करतात, ती चाचणी टाळायला टेडीवर सरळ ३+ छापून मोकळे होतात. नियमाप्रमाणं नुसतं लिहून सुटका होत नाही, खेळणं मुळात कुणाच्या वापराचं आहे ते बघितलं जातं. तर खुळखुळ्यावर किंवा साध्या मऊ टेडीवर ३+ दिसलं की ते खेळणं बाजूला ठेवा. टेडी घ्यायचाच असला तर डोळे आणि नाक दोऱ्यानं शिवलेले बघून घ्या, चिकटवलेले नको, आणि शिवणीची दोन्ही टोकं जरा ओढून बघा, आतला कापूस किंवा दाणे बाहेर डोकवायला नकोत.

आयएसआय बघायचा म्हणजे नुसता शिक्का बघायचा नाही

१ जानेवारी २०२१ पासून देशात १४ वर्षांखालच्या लेकरांच्या खेळण्यांना आयएसआय सक्तीचा आहे, आपल्याकडं बनलेलं असो का बाहेरून आलेलं. आयएसआय म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का, की हा कारखाना ठरलेल्या मानकाप्रमाणं माल करतो आणि त्याला तसं लायसन आहे. त्या शिक्क्याच्या वर आणि खाली जे बारीक लिहिलेलं असतं ते खरं कामाचं आहे.

वर मानकाचा नंबर असतो. साध्या खेळण्याला आयएस ९८७३ आणि बॅटरीवर किंवा विजेवर चालणाऱ्याला आयएस १५६४४. खाली सीएम/एल असं लिहून पुढं लायसनचा नंबर असतो. मोबाइलवर BIS Care नावाचं सरकारी अ‍ॅप फुकट मिळतं, त्यात लायसन तपासायचा पर्याय आहे, तिथं हा नंबर टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, कोणत्या मालासाठी लायसन आहे आणि ते सध्या चालू आहे का बंद हे समोर येतं.

एक उदाहरण सांगतो. लोह्याच्या एक आत्या भाच्याच्या दुसऱ्या वाढदिवसासाठी गाणी वाजणारा खेळण्यातला मोबाइल दुसरीकडून घेऊन आल्या होत्या, "भाऊ, हे बरंय का बघता का," म्हणल्या. बॉक्सवर आयएसआय होता, त्यामुळं त्यांना वाटलं काम झालं. आम्ही काउंटरवरच सगळं बघितलं. पहिली गोष्ट, खेळणं बॅटरीचं पण शिक्क्याच्या वर नंबर ९८७३, म्हणजे साध्या खेळण्याचा. इथंच शंका आली. मग खालचा नंबर अ‍ॅपमध्ये टाकला तर जी कंपनी आली तिचं नाव बॉक्सवरच्या नावाशी जुळेना. मग बॅटरीचं झाकण बघितलं, त्याला स्क्रू नव्हता, नखानं उघडलं आणि आत बटनासारखे तीन छोटे सेल. आणि एका कोपऱ्यात ते ०-३ चं लाल चिन्ह पण होतंच, दोन वर्षांच्या लेकरासाठी घेतलेल्या खेळण्यावर.

यात सगळ्यात घातक काय असेल तर ते सेल. खोट्या शिक्क्याचं नंतर बघता येईल, पण बटन सेल लेकरानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या जागेत त्यातून करंट वाहतो, तिथं कॉस्टिकसारखं रसायन तयार होतं आणि दोन तासांत सुद्धा आतून भाजून जखम होऊ शकते, सेल फुटलेला नसला तरी. घड्याळात आणि रिमोटमध्ये असतो तो २० मिलिमीटरचा चपटा सेल सगळ्यात वाईट, कारण तो बारक्या लेकराच्या अन्ननलिकेत बरोबर अडकतो. सुरुवातीला लेकरू फक्त लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, थोडं खोकतं, आणि घरच्यांना वाटतं सर्दी झाली असेल. नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा किंवा सरळ एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि "सेल गिळला असेल" हे शब्द पहिल्यांदा सांगायचे. म्हणून बॅटरीचं झाकण स्क्रूनंच उघडणारं पाहिजे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि ऐकेपर्यंत सांगतो.

त्या आत्यांनी शेवटी ₹२८० च्या रिंगा नेल्या. आयएस ९८७३, अ‍ॅपवर लायसन चालू, कंपनीचं नाव तेच, सगळ्यात छोटी रिंग पण नाण्याच्या दुपटीहून मोठी, आणि मधला दांडा खालच्या पाट्यात पक्का, हलत नव्हता.

फॉरेनचा माल, लाकडी खेळणी आणि जत्रा

"यावर सीई लिहिलंय, बाहेरचं आहे, मग आयएसआय काहून पाहिजे?" सीई ही युरोपच्या बाजाराची खूण आहे आणि खेळण्यांच्या बाबतीत बरेचदा कंपनी स्वतःच जाहीर करून ती लावते. भारतात विकायला ती पुरत नाही. बाहेरून आलेल्या खेळण्यावर पण आयएसआय लागतो आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो.

लाकडी खेळण्यांचं मात्र वेगळं आहे. हस्तकला आयुक्तांकडं नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला आणि जीआय मिळालेल्या मालाला, म्हणजे एखाद्या गावाच्या नावानंच नोंदलेल्या मालाला, या सक्तीतून सूट आहे. आपल्या शेजारी तेलंगणातल्या निर्मलची खेळणी, कर्नाटकातल्या चन्नपटणाची खेळणी यात येतात. तेव्हा त्यावर आयएसआय नसला म्हणून ती खोटी होत नाहीत. पण सूट आहे याचा अर्थ कुणी तपासून दिलंय असा पण होत नाही, तिथं तपासणी तुम्हालाच करायची. निर्मलची बरीचशी खेळणी शोभेची असतात, शोकेसमध्ये छान दिसतात, बारक्याच्या तोंडात द्यायची नाहीत. चन्नपटणाची लाखेच्या रंगाची असतात आणि एकसंध असली तर लहान लेकराला चांगली, फक्त ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग उतरतोय का बघायचं, लाकडाचं कुसळ निघतंय का बोट फिरवून बघायचं, आणि छोटे मणी ओवलेले असले तर तीनच्या पुढंच.

जत्रेचं विचारतात. माळेगावच्या यात्रेत लेकरू पिपाणीसाठी हट्ट करणारच आणि मी कुणाला देऊ नका म्हणणार नाही. पण तिथल्या सुट्या प्लास्टिकच्या खेळण्यावर ना शिक्का असतो ना कंपनीचं नाव. काही पिपाण्यांत, शिट्ट्यांत आवाजासाठी आत सुटा गोळा नाहीतर पत्ती असते आणि फुंकताना लेकरू श्वास आत ओढतं, ते आत जाऊ शकतं. पाच-सहा वर्षांच्या पुढं आणि आपल्या समोर एवढं धरलं तर चालून जाईल. ज्याला झोंबणारा रॉकेलसारखा वास येतो किंवा ज्याचा रंग हाताला लागतो ते कोणत्याच वयाला नको.

महाग पडतं का?

थोडं पडतं, खोटं कशाला सांगू. चाचणीचा, लायसनचा खर्च मालात येतो, आणि बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली, त्यामुळं पूर्वीसारखी पन्नास रुपयाला रिमोटची गाडी आता खऱ्या मालात येत नाही. दुसऱ्या बाजूनं २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रॉनिकवर तो १८ च राहिला. म्हणजे त्याच पाचशे रुपयांत साधं खेळणं जास्त दणकट मिळतं आणि बॅटरीचं हलकं मिळतं. तीनच्या आतल्यांसाठी मी म्हणून बॅटरीचं घ्या म्हणतच नाही, त्या वयाला रिंगा आणि ब्लॉकच जास्त दिवस पुरतात आणि सेलचा घोर राहत नाही.

कार्डावरचे भाव आमच्या दुकानातले आहेत, दुसरीकडं दहा-वीस टक्के इकडंतिकडं होतील. बॉक्सवर एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर छापलेला पाहिजे, एमआरपीच्या वर कुणीच घेऊ शकत नाही आणि टॅक्स त्यातच धरलेला असतो. पक्कं बिल मागून घ्या, पुढं माल खोटा निघाला तर BIS Care वर तक्रार करता येते आणि ग्राहक आयोगात जायचं म्हणलं तर बिल लागतंच.

घरात मोठं भावंड असेल तर

ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, आम्हालाच विचारावी लागते. वाढदिवस सहा वर्षांच्या ताईचा असतो, तिला छोटे ब्लॉक बरोबर आहेत, शिक्का बरोबर आहे, पण घरात दीड वर्षाचा भाऊ रांगायला लागलेला असतो. तेव्हा कार्डावरचं वय ताईचं धरायचं आणि ठेवायची जागा भावाच्या वयाची धरायची. झाकणाचा डबा असलेला सेट घ्या, पलंगावर किंवा टेबलावर बसून खेळायचं ठरवा, आणि तीन गोष्टी अशा घरात आणूच नका: छोटे चकचकीत लोहचुंबकाचे गोळे, पाण्यात फुगणारे जेलचे मणी आणि स्क्रू नसलेलं बटन सेलचं काहीही. चुंबकाचे दोन गोळे वेगवेगळ्या वेळी गिळले की आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना चिकटतात आणि मधलं आतडं दबून भोक पडतं. जेलचे मणी आत जाऊन फुगतात आणि आतडं बंद करतात, आणि एक्स-रेत ते सहसा दिसत पण नाहीत, त्यामुळं डॉक्टरला लवकर कळत नाही.

आणि फुगे

गिफ्ट कितीही बघून घेतलं तरी वाढदिवसाच्या घरात फुगे असतातच. रबराचा फुटलेला तुकडा गळ्यावर पातळ पडद्यासारखा चिकटतो, गळ्याच्या आकाराचा होतो आणि ओढून काढता येत नाही, म्हणून त्याला आठ वर्षांच्या आत इशारा असतो, तीन नाही. फुगे मोठ्यांनीच फुगवायचे, फुटलेला लगेच उचलायचा आणि न फुगवलेल्यांची पुडी लेकराच्या हाताला लागू द्यायची नाही. गिफ्टचा बॉक्स फोडताना निघणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, पिना आणि बांधलेल्या तारा त्याच वेळी एका थैलीत टाका, फक्त आयएसआयचा आणि वयाचा भाग कापून बिलाला पिन करून ठेवा, म्हणजे पुढं तेच खेळणं दुसऱ्या लेकराला द्यायचं म्हणलं तर ते किती वर्षांच्या पुढचं होतं हे बघायला मिळेल.